मथळा हातात आला केव्हा?

२० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सकाळी पावणेअकराच्या सुमारास पणजीत पत्रकारांना सांगितलं, की देशी कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर येणार आहे. मुंबईत बाजार सुरू होऊन तेव्हा दीड तास होत आला होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंशांनी, म्हणजे ५.३ टक्क्यांनी वधारून ३८,०१४ वर बंद झाला. दहा वर्षांहून अधिक काळात एका दिवसात एवढी वाढ झाली नव्हती.

बातम्यांच्या मथळ्यांवरून खरेदी-विक्री ठरवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हा दिवस आधी तपासून पाहावा. मथळा कसा वाचायचा, त्याला गुण किती द्यायचे, यावर लोक महिनोन् महिने घालवतात. तो मथळा हातात कधी आला हा प्रश्न मात्र एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते कस लागतो तो इथेच.

गुण देण्याची पद्धत सोपी आहे. प्रत्येक मथळ्याला उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचा एक आकडा मिळतो. फार वाईट बातमीला उणे एकच्या जवळचा, फार चांगलीला अधिक एकच्या. यालाच सेंटिमेंट स्कोअर म्हणतात. सुरुवातीला हे काम शब्दांच्या याद्यांवर चालायचं. पॉल टेटलॉक यांनी २००७मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधल्या बाजारविषयक स्तंभाचा अभ्यास केला, तो हार्वर्डच्या सामान्य शब्दयादीच्या आधारे. पुढे २०११मध्ये लोकरन आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं, की त्या यादीतले जवळपास तीन चतुर्थांश नकारात्मक शब्द आर्थिक लिखाणात नकारात्मक नसतातच. ‘टॅक्स’ हा शब्दही त्या यादीत वाईट ठरला होता. म्हणजे करकपातीच्या मथळ्यालाही तिथे उणे गुण मिळण्याची शक्यता होती! आता फिनबर्टसारखी मॉडेल्स अख्खं वाक्य पाहून गुण देतात आणि असे घोटाळे कमी झाले आहेत.

एकट्या मथळ्याचे गुण थेट वापरत नाहीत. ठरावीक वेळेपर्यंत आलेल्या सगळ्या मथळ्यांचे गुण एकत्र करून, शिळ्या बातमीचं वजन हळूहळू घटवून, एक आकडा काढतात. मॉडेलला दिला जाणारा हा आकडा म्हणजे फीचर. तो गेल्या काही वर्षांच्या भावांशेजारी ठेवून पाहायचं, की या आकड्यावर विसंबून व्यवहार केले असते तर काय हाती लागलं असतं. याला बॅकटेस्ट म्हणतात. ज्या क्षणी आपण खरेदी केली असं धरतो, त्या क्षणी जे माहीतच नव्हतं ते फीचरमध्ये शिरलं, की बॅकटेस्ट खोटी ठरते. गंमत म्हणजे ती तेव्हाच सर्वांत देखणी दिसते.

पणजीची बातमी घेऊन हे करून पाहू. सर्वांत सरळ वाटणारी रीत म्हणजे तारखेला तारीख जोडणं. मथळे २० सप्टेंबरचे, परतावाही २० सप्टेंबरचा. त्या दिवसाचा परतावा आदल्या दिवसाच्या बंद भावापासून मोजतात. म्हणजे या जोडणीत आपला प्रोग्रॅम गुरुवारी दुपारी साडेतीनला, ३६,०९३ वर खरेदी करतो आणि शुक्रवारी सकाळी जाहीर होणाऱ्या निर्णयावर ५.३ टक्के कमावतो. कुणी म्हणेल, बंद भाव नको, शुक्रवारी सव्वानऊला बाजार उघडतानाचा भाव धरू. तरीही बातमी यायला दीड तास बाकीच असतो. उघडताना निर्देशांक आदल्या दिवसाच्या आसपासच होता, त्यामुळे जवळजवळ सगळी वाढ तरीही आयती पदरात पडते.

दिवसागणिक भावच हाताशी असतील तर प्रामाणिक जोडणी एकच: शुक्रवारच्या मथळ्यांवरून बनलेला आकडा सोमवारी, २३ सप्टेंबरला बाजार उघडताना वापरायचा. त्या सोमवारी सेन्सेक्स आणखी २.८ टक्क्यांनी वाढून ३९,०९० वर बंद झाला खरा, पण त्यातली बरीच वाढ बाजार उघडतानाच भावात उतरलेली होती. सकाळी खरेदी करणाऱ्याला तिचा उरलेला भाग तेवढा मिळाला असता. ५.३ टक्के आणि हा उरलेला भाग, यांतला फरक मॉडेलच्या हुशारीतून आलेला नाही. तो फक्त जोडणीतून आला आहे.

मिनिटामिनिटाचे भाव मिळाले की हा प्रश्न सुटेल असं वाटतं. पण तिथे एक लबाड चूक दबा धरून असते. बातम्यांचे साठे बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत नोंदवलेले असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. पणजीतली १०:४५ची बातमी साठ्यात ०५:१५ अशी दिसते. हा आकडा कुणी भारतीय वेळ समजून वापरला, तर बातमी पहाटे सव्वापाचला आली असं ठरतं. मग प्रोग्रॅम शांतपणे सव्वानऊची वाट पाहतो, पहिल्याच मिनिटाला खरेदी करतो आणि पुन्हा एकदा सगळी तेजी खिशात घालतो. यात वाईट हे, की आपल्याकडे ही चूक नेहमी एकाच दिशेने होते. प्रत्येक बातमी साडेपाच तास आधी सरकते, म्हणून बॅकटेस्ट सुधारते आणि सुधारलेल्या आकड्यांवर संशय घ्यावा असं कुणालाच वाटत नाही. कंपन्यांच्या तिमाही निकालांचीही तीच गत. संध्याकाळी सव्वाचारला, बाजार बंद झाल्यावर आलेला निकाल या हिशेबात सकाळी पावणेअकराला हजर होतो.

वेळक्षेत्र बरोबर लावलं तरी कुठली वेळ धरायची हे उरतंच. एका बातमीला निदान तीन वेळा असतात: घटना घडल्याची, मथळा प्रसिद्ध झाल्याची आणि तो आपल्या यंत्रावर पोचल्याची. व्यवहारासाठी तिसरीच खरी. संचालक मंडळाची बैठक संपल्यावर निर्णय कळवायला सेबीचे नियम कंपनीला अर्ध्या तासाची मुदत देतात, आणि २०२४च्या अखेरच्या बदलानंतर बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर तीन तासांची. तेव्हा बैठकीची वेळ बातमीला चिकटवणं म्हणजे एवढ्या मुदतीचं भविष्य फुकट वाचणं. जुन्या साठ्यांत पोचल्याची वेळ अनेकदा नसते. मग प्रसिद्धीच्या वेळेत थोडा उशीर मुद्दाम मिळवावा. नुसती तारीखच असेल तर ती बातमी त्या दिवशी वापरूच नये, कारण प्रोग्रॅम अशा तारखेला मध्यरात्रीचे शून्य तास समजतो.

मथळा बदलतो, हेही विसरू नये. सकाळी ‘कंपनी करात कपात’ असं लिहिलेल्या पानावर दुपारी ‘करकपातीने सेन्सेक्सची १,९०० अंशांची उसळी’ असा मथळा येऊ शकतो, आणि पहिल्या प्रसिद्धीची वेळ मात्र तशीच राहते. साठ्यात शेवटचा मथळा आणि पहिली वेळ अशी जोडी जतन झाली, तर दुपारचा भाव सकाळच्या शब्दांत लपून येतो. असा मथळा गुणांत अव्वल ठरेल, आणि ते साहजिकच आहे, कारण उत्तर त्यातच लिहिलेलं आहे.

पायथनच्या पांडाज लायब्ररीत ही जोडणी `merge_asof` ने करतात:

```python
news["avail"] = (
    pd.to_datetime(news["received"], utc=True)
      .dt.tz_convert("Asia/Kolkata")
    + pd.Timedelta(seconds=60))

df = pd.merge_asof(
    bars.sort_values("entry_time"),
    news.sort_values("avail"),
    left_on="entry_time", right_on="avail",
    direction="backward",
    allow_exact_matches=False,
    tolerance=pd.Timedelta("6h"))
```

`avail` म्हणजे मथळा वापरता येण्याजोगा झाल्याची वेळ. इथे वाचून गुण द्यायला एक मिनिट धरलं आहे. `entry_time` म्हणजे खरेदीचा क्षण, तोही भारतीय वेळेत नोंदवलेला हवा. `backward` मुळे खरेदीच्या मागचाच मथळा उचलला जातो. हीच खूण `nearest` केली, तर पुढचा मथळा जवळचा असल्यास तोही निमूटपणे घेतला जातो. `allow_exact_matches` मुळात चालू असतं, ते बंद केलं आहे. खरेदीच्या त्याच क्षणी आलेली बातमी आपण वाचली होती असं धरता येत नाही. सहा तासांहून शिळी बातमी इथे गळून पडते.

मिनिटाच्या कँडलवर १०:४५ असं लिहिलेलं असतं, ती बहुधा तिची सुरुवात असते. तिचा बंद भाव १०:४६ला कळतो. समजा मथळा १०:४५:२०ला आला. वेळ खाली ओढून १०:४५ केली आणि त्या कँडलच्या पहिल्या भावाने खरेदी दाखवली, तर वीस सेकंदांचं डोकावणं झालं. पणजीसारख्या सकाळी वीस सेकंदांत पुष्कळ घडतं. वेळ नेहमी पुढच्या मिनिटाकडे न्यावी.

चूक झाली आहे हे ओळखण्याचे दोन मार्ग मला भरवशाचे वाटतात. पहिला: दिवसाच्या कोणत्या तासाला किती मथळे आले याचा आलेख काढावा. भारतीय बातम्यांची गर्दी पहाटे चार ते दहा दिसली तर घड्याळ यूटीसीचं आहे. बरोबर मध्यरात्री एकच उंच काठी उभी दिसली तर त्या नुसत्या तारखा आहेत. दुसरा: जोरदार गुणांचे मथळे घ्यावेत आणि त्यांच्या नोंदलेल्या वेळेच्या आगेमागे भाव मिनिटागणिक किती हलला याची सरासरी पाहावी. हालचाल मथळ्याच्या क्षणी किंवा थोडी आधी दिसणं स्वाभाविक आहे, कारण बाजाराला बातमी दुसरीकडूनही कळते. पण शिखर ३३० मिनिटांनंतर आलं, तर साडेपाच तासांची चोरी पकडली गेली.

एक डोकावणं मात्र वेळेच्या रकान्यात सापडत नाही. आज तयार झालेल्या भाषा-मॉडेलला २०१९चा मथळा दिला, तर त्या दिवशी काय झालं हे त्याने शिकताना वाचलेलं असू शकतं. कंपन्यांची नावं झाकून गुण घेतले तर काही फरक पडतो का, हे पाहता येतं. त्याहून खात्रीचं म्हणजे मॉडेलचं शिक्षण ज्या तारखेला संपलं तिच्यानंतरचेच मथळे तपासायचे. असा काळ थोडाच हाताशी असतो, म्हणून आजपासून प्रत्येक मथळा जसा आला तसा, पोचल्याच्या वेळेसह, न बदलता साठवायला लागावं. काही महिन्यांनी तेच दिवस विकतच्या साठ्यावरूनही चालवून पाहावेत. दोन्हींच्या नफ्यात जेवढी तफावत निघेल, तिचा माग काढत एकेक मथळा तपासायचा.