‘हू’ दिसला की ‘जो’ आधी

‘द फार्मर हू ब्रॉट कॉटन टू खामगाव गॉट कॅश’चे भाषांतर ‘तो शेतकरी, ज्याने खामगावला कापूस आणला, त्याला रोख पैसे मिळाले’ असे केले की वाचणारा अडखळतो. मराठीत ‘जो’चे वाक्य आधी घ्यावे: ‘ज्या शेतकऱ्याने खामगावला कापूस आणला, त्याला रोख पैसे मिळाले.’ ‘आणला’मुळे ‘ज्या शेतकऱ्याने’, ‘मिळाले’मुळे ‘त्याला’. विभक्ती ज्याच्या त्याच्या क्रियापदाची.

‘खामगाव, विच इज फेमस फॉर सिल्व्हर’ हे प्रकरण वेगळे. इथे अनेक गावांतून एक निवडायचे नाही, म्हणून ‘जे-ते’ची जोडी उगाच जड होते. सरळ ‘चांदीसाठी प्रसिद्ध असलेले खामगाव’ लिहा, नाहीतर सुटे वाक्य करा.