पासवर्डची फाइल क्लाउडवर, किल्लीची फाइल घरात

डिसेंबर २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या आहेत. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते. शिवाय प्रत एकदा हाती आली की चोराला घाई नसते. तो आपल्या संगणकावर मास्टर पासवर्डचे अंदाज करत बसू शकतो. तीन वेळा चुकलं म्हणून तिथे कुणी खातं बंद करत नाही.

आपली पासवर्डची फाइल क्लाउडवर ठेवायची, तर ती कधीतरी अशीच कुणाच्या हाती लागेल हे धरूनच चालावं. की-फाइल त्यासाठीच असते.

डॉमिनिक रायखल या जर्मन प्रोग्रॅमरने २००३ मध्ये कीपास हा मोफत प्रोग्रॅम आणला. त्याच्या kdbx प्रकारच्या फाइलमध्ये पासवर्डच नव्हे, तर नावं, पत्ते, टिपाही कूटबद्ध असतात. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कीपासएक्ससी ही तीच फाइल उघडतं. नवी फाइल करताना त्यात मास्टर पासवर्ड विचारतात. त्याच पडद्यावर Add additional protection दाबलं की Add Key File दिसतं, आणि तिथे Generate दाबलं की keyx नावाची छोटी फाइल तयार होते. समजा, आपल्याकडे `ghar.kdbx` आणि `ghar.keyx` अशा दोन फाइली झाल्या. पहिली ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवायची. दुसरी तिथे कधीही ठेवायची नाही. ती पेनड्राइव्हवर घालून किंवा केबल जोडून लॅपटॉपवर आणि फोनवर हाताने एकेकदा न्यायची. व्हॉट्सअ‍ॅपने किंवा ईमेलने पाठवली, तर ती पुन्हा कुणाच्या तरी सर्व्हरवर गेलीच.

या फाइलमध्ये यादृच्छिक २५६ बिट असतात. प्रोग्रॅम पासवर्ड आणि हे बिट एकत्र करून खरी किल्ली बनवतो. त्यामुळे ज्याच्याकडे नुसती kdbx आहे, त्याने आपला पासवर्ड अचूक ओळखला तरी काही उघडत नाही. मात्र लॅपटॉपच चोरीला गेला, तर दोन्ही फाइली चोराकडे जातात आणि भिस्त एकट्या मास्टर पासवर्डवर राहते. म्हणून तो लांबलचक हवाच. संगणकात व्हायरस शिरला असेल, तर यातलं काहीच वाचवत नाही.

किल्ली म्हणून एखादा फोटोही चालतो, पण तो मोह टाळावा. फोटो थोडा कापला किंवा कुठल्या अ‍ॅपने त्याचा आकार कमी केला की फाइलमधले बाइट बदलतात आणि तिजोरी कायमची बंद होते. पडद्यावर मात्र एवढंच दिसतं की दिलेली माहिती चुकीची आहे. पासवर्ड चुकला की की-फाइल बिघडली, हे त्यावरून कळत नाही.

रोजच्या वापरात कटकट होते ती सिंकची. समजा, गावी रेंज नसताना तुम्ही फोनवर बँकेचं नवं खातं नोंदवलं आणि त्याच दिवशी घरी पत्नीने लॅपटॉपवर वीजबिलाचा पासवर्ड बदलला. रेंज येताच ड्रॉपबॉक्सला एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या दिसतात. त्याला आतलं वाचता येत नाही, त्यामुळे तो दुसरी आवृत्ती conflicted copy अशा नावाने शेजारी ठेवतो. ती कचरा समजून उडवू नये. बँकेची नोंद कदाचित तिच्यातच असेल. कीपासएक्ससीत मूळ फाइल उघडून Database मेनूतलं Merge From Database निवडावं आणि ही प्रत दाखवावी. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख आणि बदलाची वेळ असते. त्यावरून नवी नोंद घेतली जाते आणि जुना पासवर्ड तिच्या इतिहासात जातो. दोन्ही बदल दिसतात ना, हे पाहून मगच प्रत पुसावी. अँड्रॉइडवरचं कीपास-टू-अँड्रॉइड हे अ‍ॅप क्लाउडवरची फाइल बदललेली दिसली, तर सेव्ह करतानाच बदल जुळवून घेतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मास्टर पासवर्ड बदलला तरी क्लाउडने जपलेल्या जुन्या आवृत्त्या जुन्याच पासवर्डने उघडतात. तो फुटल्याचा संशय असेल, तर आतल्या महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्डही बदलावे लागतात.

की-फाइल हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं इथे कुणी नाही. सुदैवाने keyx ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ६४ अक्षरअंकांची किल्ली आणि टंकनातली चूक पकडणारा छोटा तपासणी-अंक असतो. ती कागदावर छापून घरच्या कागदपत्रांत ठेवता येते आणि गरज पडल्यास पुन्हा टंकता येते. छापल्यावर आजच एकदा त्या कागदावरून फाइल नव्याने टंकून तिजोरी उघडून पाहा. उघडली तरच तो कागद बॅकअप म्हणून धरा.