चारशे ऐंशीपैकी तीनशे बासष्ट

सहामाही परीक्षेचे तपासलेले पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्रगतिपत्रक होतं आणि वहीचं एक पान. "सर, सगळ्या पेपरांची बेरीज ३६२ येते. ४८० पैकी ३६२ म्हणजे ७२ टक्के कसे होतील?"

मी तिच्यासमोरच भागाकार केला. ७५.४२ आले. प्रगतिपत्रकावर मात्र ७२.२२ छापले होते. तिचे सव्वातीन टक्के कुठेतरी गळाले होते आणि त्या पत्रकावर वर्गशिक्षक म्हणून सही माझी होती.

आधी वाटलं, एखाद्या पेपरचे गुण चढवताना आकडा चुकला असेल. म्हणून तिचे नऊही पेपर काढून गुणतक्त्याशी ताडून पाहिले. सगळे आकडे बरोबर होते. प्रत्येक पेपरची टक्केवारीही बरोबर होती. म्हणजे चूक गुण चढवण्यात नव्हती, ती त्यानंतरच्या पायरीत होती.

आमची सहामाही बोर्डाच्या लेखी परीक्षेच्या धर्तीवर होते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी हे तीन पेपर प्रत्येकी ८० गुणांचे. गणिताचे भाग एक आणि भाग दोन, विज्ञानाचेही तसेच दोन भाग, शिवाय इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल, असे सहा पेपर प्रत्येकी ४० गुणांचे. तीन भाषांचे २४० आणि बाकी सहा पेपरांचे २४०, एकूण ४८०. संगणकावरच्या तक्त्यात आधी नऊ स्तंभ गुणांचे होते आणि त्यांच्या शेजारी नऊ स्तंभ त्या त्या पेपरच्या टक्केवारीचे. शेवटच्या स्तंभात एकच सूत्र होतं:

```
=AVERAGE(M2:U2)
```

म्हणजे नऊ पेपरांच्या नऊ टक्केवाऱ्या, त्यांची बेरीज आणि भागिले नऊ. ऐकायला यात काहीच खटकत नाही, म्हणूनच ते सूत्र कुणाच्या नजरेत आलं नाही.

त्या मुलीचे गुण असे होते. मराठी ७२, हिंदी ६८, इंग्रजी ६४, म्हणजे भाषांत ९०, ८५ आणि ८० टक्के. बीजगणितात ४० पैकी २४, भूमितीत २२, विज्ञानाच्या दोन भागांत २६ आणि २८, इतिहासात ३०, भूगोलात २८. म्हणजे ६०, ५५, ६५, ७०, ७५ आणि ७० टक्के. नऊ टक्केवाऱ्यांची बेरीज ६५०, तिला नऊने भागलं की ७२.२२. गुणांची बेरीज मात्र ३६२, आणि त्याचे ४८० पैकी ७५.४२ टक्के.

दोन्ही उत्तरांत कुठेही गणिती चूक नाही. फक्त पहिल्या रीतीत ४० गुणांचा भूमितीचा पेपर आणि ८० गुणांचा मराठीचा पेपर एकाच तोलाचे धरले गेले. गुणांच्या हिशेबात भाषांचा वाटा ४८० पैकी २४०, म्हणजे निम्मा. पेपर मोजले तर नवांपैकी तीन, म्हणजे फक्त एक तृतीयांश. ज्या मुलीने आपली कमाई भाषांत केली, तिची नेमकी तीच कमाई हलकी झाली.

एकेका गुणापाशी जाऊन पाहिलं की हे अधिक स्पष्ट दिसतं. भूमितीत एक गुण वाढला तर त्या पेपरची टक्केवारी अडीचने वाढते. मराठीत एक गुण वाढला तर सव्वाने. पुढे दोन्हींना नऊनेच भागायचं, म्हणून सरासरीत भूमितीचा एक गुण मराठीच्या दोन गुणांइतका ठरतो. मराठीच्या निबंधात विद्यार्थ्याने कष्टाने मिळवलेला गुण अर्ध्या किमतीत गेला, असं आम्ही कुणीच ठरवलं नव्हतं. ते सूत्राने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग मी उलट बाजूचा विद्यार्थी शोधला, कारण कुणाचे टक्के घटले असतील तर कुणाचे वाढलेही असणार. तो लगेच सापडला. गणित-विज्ञानात हुशार आणि भाषांत जेमतेम असा एक मुलगा. मराठी ५२, हिंदी ४८, इंग्रजी ५६. बीजगणित ३६, भूमिती ३४, विज्ञान ३४ आणि ३२, इतिहास २८, भूगोल ३०. एकूण ३५०, म्हणजे खरे टक्के ७२.९२. प्रगतिपत्रकावर छापले होते ७५.५६. मुलीपेक्षा बारा गुण कमी असूनही तो क्रमांकात तिच्या पुढे गेला होता.

अशी चूक पकडायची सोपी खूण आहे, आणि तिला संगणक लागत नाही. छापलेल्या टक्क्यांना एकूण गुणांनी गुणायचं आणि शंभराने भागायचं. खरी टक्केवारी असेल तर विद्यार्थ्याचे गुण परत मिळायला हवेत. मुलाच्या ७५.५६ टक्क्यांचे ४८० पैकी ३६२.६९ गुण होतात. शंभरावा भाग दाखवणारे गुण कुठल्याच पेपरात कुणी देत नाही, आणि त्याचे गुण तर ३५० च होते. मुलीच्या ७५.४२ चे ३६२.०२ येतात, म्हणजे दशांशातली किरकोळ काटछाट सोडली तर बरोबर ३६२.

हा तक्ता ज्या ज्येष्ठ बाईंनी बनवला होता त्यांना मी दाखवलं तेव्हा त्या गोंधळल्या. "मी वीस वर्षं टक्क्यांची सरासरीच काढतेय. कधी फरक पडला नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या जुन्या निकालवह्या आम्ही कपाटातून काढल्या. तिथे नऊ स्तंभ नव्हतेच, सहा होते. गणिताचे दोन्ही भाग एकत्र करून ८० पैकी, विज्ञान ८० पैकी, सामाजिक शास्त्रे ८० पैकी, आणि तीन भाषा. सहाही विषय सारख्या गुणांचे असल्यामुळे टक्क्यांची सरासरी आणि एकूण टक्केवारी एकच येत होती. त्या मुलीचंच उदाहरण घेऊन करून पाहिलं. गणित ८० पैकी ४६ म्हणजे ५७.५ टक्के, विज्ञान ५४ म्हणजे ६७.५, सामाजिक शास्त्रे ५८ म्हणजे ७२.५. त्यात भाषांचे ९०, ८५, ८० मिळवले की ४५२.५, आणि भागिले सहा केल्यावर ७५.४२. बाईंची रीत पूर्वी बरोबर होती, कारण तिच्या खालचे आकडे सारखे होते. तक्ता संगणकावर नेताना भाग वेगवेगळे केले गेले आणि रीत मात्र तीच राहिली.

दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रकात याच कारणाने हा प्रश्न येत नाही. तिथे गणिताचे ४० अधिक ४० अधिक अंतर्गत २० मिळून १०० होतात आणि भाषांचे ८० अधिक २०. प्रत्येक विषय शंभराचा झाल्यावर मग टक्के काढले जातात. फरक पडतो तो मधल्या परीक्षांत, जिथे भाग सुटे असतात, आणि लेखी-प्रात्यक्षिक वेगळे दाखवले जातात तिथे. बारावीच्या भौतिकशास्त्रात लेखी परीक्षा ७० ची आणि प्रात्यक्षिक ३० चं. लेखीत ३५ आणि प्रात्यक्षिकात २८ मिळवणाऱ्याचे एकूण ६३ टक्के. पण ५० आणि ९३.३३ या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी ७१.६७ येते. साडेआठ टक्क्यांहून जास्त फरक, आणि तोही एकाच विषयात.

आम्ही सूत्र बदललं. पहिल्या ओळीत प्रत्येक स्तंभावर तो पेपर किती गुणांचा आहे ते लिहिलं, आणि शेवटच्या स्तंभात:

```
=SUM(C2:K2)/SUM(C$1:K$1)*100
```

इथे आणखी एक अडचण निघाली. डेंग्यूमुळे एक विद्यार्थी विज्ञानाच्या दोन्ही पेपरांना नव्हता आणि तक्त्यात त्याच्या रकान्यांत "अ" लिहिलं होतं. बेरजेचं सूत्र अक्षर वगळून फक्त आकडे मिळवतं, पण खालची ४८० तशीच राहते. त्यामुळे त्याला न दिलेल्या पेपरांत शून्य मिळाल्यासारखं झालं. आजारपणाचा दाखला असल्याने मुख्याध्यापकांनी त्याचा निकाल दिलेल्या पेपरांवरच लावायचं ठरवलं, मग सूत्राचा खालचा भाग असा केला:

```
SUMPRODUCT(ISNUMBER(C2:K2)*C$1:K$1)
```

म्हणजे जिथे खरोखर आकडा आहे तेवढ्याच पेपरांचे गुण मिळवायचे. त्याचे ४०० पैकी ३४० होते, ८५ टक्के. पेपर वेगळे असल्यामुळे त्याला क्रमांक दिला नाही.

वर्गाची सरासरी काढताना हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. सोयीसाठी याच तिघांचा वर्ग समजू. त्यांच्या टक्क्यांची सरासरी ७७.७८ येते. सगळ्यांचे गुण एकत्र करून १३६० पैकी १०५२ धरले तर ७७.३५. इथे मी टक्क्यांची सरासरीच निवडली. प्रगतिपत्रकात एका मुलाचा एकेक गुण सारख्या मोलाचा असायला हवा, म्हणून तिथे गुणांची बेरीज करायची. वर्गाच्या सरासरीत मात्र प्रत्येक मूल सारख्या मोलाचं असायला हवं. गुण एकत्र केले तर आजारी पडून दोन पेपर चुकलेल्या मुलाचं वजन इतरांपेक्षा कमी होतं, ते मला पटत नाही. सगळ्यांनी ४८० चेच पेपर दिले असते तर दोन्ही रीतींनी एकच आकडा आला असता आणि निवडायचा प्रश्नच उरला नसता.

बेचाळीस प्रगतिपत्रकं नव्याने छापली. मुलीचे टक्के ७५.४२ झाले. तिने वहीचं पान माझ्यापुढे धरून पुन्हा एकदा ताडून घेतलं, मग पत्रक दप्तरात ठेवलं.

मुलाला मी वर्गाबाहेर बोलावून सांगितलं. तो गप्प ऐकत होता. शेवटी विचारलं, "सर, म्हणजे माझे मार्क कमी झाले का?"

"मार्क तेवढेच आहेत रे. साडेतीनशे. ते आधीही साडेतीनशेच होते." मग आम्ही व्हरांड्यात उभं राहून ३५० भागिले ४८० हा भागाकार त्याच्याच हाताने करून पाहिला.