मागे उभा टेलिफोन बूथ

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडने आपल्या डोळ्यांना एक सवय लावली आहे. चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. जे धूसर ते बिनमहत्त्वाचं, हे कुणी सांगावं लागत नाही. सिनेमाही बऱ्याचदा याच वाटेने जातो. पण पुढचा, मधला आणि पार मागचा अशी तिन्ही माणसं सारखीच स्पष्ट ठेवली, तर प्रेक्षकाने बघायचं कुणाकडे?

आधी हे जमतं कसं ते पाहू. लेन्स नेमकी एकाच अंतरावर फोकस होते. त्याच्या अलीकडे-पलीकडे जेवढा पट्टा डोळ्याला स्पष्ट भासतो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर ५० मिमीची लेन्स लावली, ॲपर्चर एफ २.८ ठेवलं आणि तीन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर हा पट्टा जेमतेम अर्ध्या मीटरचा मिळतो. माणूस एक पाऊल पुढे आला की धूसर. तिथेच २४ मिमीची वाइड लेन्स लावून ॲपर्चर एफ ८ केलं, तर साधारण दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मात्र ॲपर्चर एवढं लहान केलं की आत येणारा प्रकाश आठ पटींनी घटतो. तो कुठून तरी भरून काढावाच लागतो.

हॉलिवूडचा कॅमेरामन ग्रेग टोलंड याने तो भरून काढला. ‘सिटिझन केन’साठी (१९४१) त्याने जास्त संवेदनशील फिल्म, कोटिंग केलेल्या लेन्स आणि प्रखर आर्क दिवे वापरले. तरीही हद्द होतीच. सुझन विष घेते त्या प्रसंगात अगदी कॅमेऱ्यापाशी पेला नि औषधाची बाटली आहे, आणि लांब मागे केन दार फोडून आत येतो. इतकं जवळचं आणि इतकं लांबचं एकाच लेन्समध्ये बसेना. मग आधी मागे काळोख ठेवून पुढचा भाग चित्रित केला, तीच फिल्म उलटी गुंडाळली आणि पुढे काळोख ठेवून मागचा भाग त्याच फिल्मवर घेतला. डीप फोकसचा नमुना म्हणून हमखास दाखवला जाणारा हा शॉट असा हातचलाखीचा आहे!

त्याच टोलंडने विल्यम वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये (१९४६) जे केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. युद्धावरून परतलेल्या तिघांची ही गोष्ट. अलची मुलगी पेगी आणि विवाहित फ्रेड एकमेकांत गुंतले आहेत. बारमध्ये अल फ्रेडला बजावतो, तिचा नाद सोड. फ्रेड उठून फोन करायला जातो. इतक्यात होमर येतो आणि अलला पियानोपाशी बोलावतो. होमरचे दोन्ही हात युद्धात गेलेत. हातांच्या जागी बसवलेल्या लोखंडी आकड्यांनी तो काकांसोबत पियानो वाजवू लागतो.

आता फ्रेम बघा. पुढे पियानो नि ते आकडे. बाजूला पियानोवर रेलून उभा अल. आणि पार मागे, दाराजवळ, टेलिफोन बूथमध्ये इवलासा फ्रेड. कथेचा निकाल त्या बूथमध्ये लागतो आहे, पण आपल्या कानावर येतो फक्त पियानो. फ्रेड काय बोलतो ते ऐकूच येत नाही. डोळे आधी आकड्यांवर जातात, कारण ते मोठे आहेत, हलताहेत आणि असं काही आपण कधी पाहिलेलं नसतं. मग अलची मान वळते, आणि त्याच्या नजरेमागोमाग आपलीही बूथपर्यंत जाते.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याने या प्रसंगावर बारकाईने लिहिलं. डीप फोकसमुळे प्रेक्षकाला आपल्या मनाने बघायची मोकळीक मिळते, असं त्याचं म्हणणं. ते अर्धंच पटतं. फोकसने कुणाला वगळलं नाही, तरी आकार, हालचाल, प्रकाश आणि पात्रांची नजर आपल्याला ओढतच असतात. आणि वायलरलाही पूर्ण भरवसा नव्हता. बूथकडे बघणाऱ्या अलचे जवळचे शॉट त्याने मध्ये घातलेच. फरक पडतो तो इतकाच, की बूथचा क्लोजअप दाखवला असता तर आपल्याला नुसती बातमी कळली असती. इथे होमरचं कौतुक आणि मागचा फोन, दोन्ही एकाच वेळी सांभाळताना अलची जी ओढाताण होते, ती आपलीही होते.

हा प्रसंग पाहायचा तर मोबाइलवर पाहू नका. तळहाताएवढ्या पडद्यावर फ्रेड तांदळाच्या दाण्याएवढा होतो, आणि मग उरतो नुसता पियानो.