शंभर कमानींचे क्षेत्रफळ एका कमानीवरून

ज्या फलनाच्या किमती ठरावीक अंतराने तंतोतंत पुन्हा पुन्हा येतात, त्याला आवर्ती फलन म्हणतात. x ची किंमत कोणतीही घेतली, तरी f(x + T) = f(x) असेल, तर T ही त्या फलनाच्या एका आवर्तनाची लांबी. sin x साठी ती २π आहे, |sin x| साठी π, आणि एखाद्या संख्येतून तिचा पूर्णांक भाग काढून उरणाऱ्या अपूर्णांकासाठी १. अशा फलनाचे अनेक आवर्तनांवरचे समाकलन करायचे असेल, तर ते सगळ्या लांबीवर करावे लागत नाही. एका आवर्तनाचे उत्तर काढायचे आणि आवर्तनांच्या संख्येने गुणायचे:

∫ (0 ते nT) f(x) dx = n × ∫ (0 ते T) f(x) dx

अकरावी-बारावीत हा नियम निश्चित समाकलाच्या गुणधर्मांच्या यादीत एका ओळीत येतो आणि बहुतेक विद्यार्थी तो पाठ करून पुढे जातात. त्यामागचे कारण मात्र पाठांतरापेक्षा सोपे आहे, आणि ते कळले की नियम कुठे लागू होत नाही हेही आपोआप कळते.

अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीत हमखास भेटणारे एक उदाहरण घेऊ: ०पासून १००π पर्यंत √(1 − cos 2x) चे समाकलन. त्रिकोणमितीतल्या नित्यसमानतेनुसार 1 − cos 2x म्हणजे 2 sin²x. त्याचे वर्गमूळ √2 sin x असे लिहून टाकले की गाडी तिथेच रुळावरून घसरते. sin x चे समाकलन −cos x, आणि cos x ची किंमत ० वर १ तशीच १००π वरही १. दोन्ही एकमेकांतून वजा होऊन उत्तर शून्य येते. पण वर्गमूळ कधीच ऋण नसते. आलेख सगळीकडे अक्षाच्या वर किंवा अक्षावर आहे, तर त्याखालचे क्षेत्रफळ शून्य होईल कसे? चूक पकडायला एवढा एक प्रश्न पुरतो.

बरोबर वर्गमूळ आहे √2 |sin x|. |sin x| चा आलेख म्हणजे एकसारख्या कमानींची रांग. sin x च्या अक्षाखाली जाणाऱ्या लाटा उलटून वर आल्या आहेत, म्हणून आवर्तन २π ऐवजी π झाले आहे. ०पासून १००π पर्यंत अशा शंभर कमानी बसतात. पहिल्या कमानीत sin x धन असल्याने मोठेपणाच्या चिन्हाची अडचणच उरत नाही: −cos π + cos 0 = १ + १ = २. एका कमानीचे क्षेत्रफळ २, शंभर कमानींचे २००, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर २००√२, म्हणजे सुमारे २८३.

हे करता येते याचे कारण असे. ०पासून nT पर्यंतच्या लांबीचे T लांबीचे n तुकडे करावेत. निश्चित समाकल तुकड्यातुकड्याने करून त्यांची बेरीज केली तरी उत्तर बदलत नाही. आता kT पासून (k + 1)T पर्यंतचा एखादा तुकडा पाहा. तिथे x = u + kT असे मांडले, तर u ची किंमत ०पासून T पर्यंत जाते, dx च्या जागी du येतो आणि f(u + kT) म्हणजे आवर्ती गुणामुळे पुन्हा f(u). त्यामुळे तो तुकडा नेमका पहिल्या तुकड्याइतकाच भरतो. असे n तुकडे, सगळे समान. बेरजेचा गुणाकार होतो तो इथे.

सुरुवात शून्यापासूनच करायला हवी असेही नाही. कुठल्याही a पासून a + T पर्यंतचे समाकलन तेवढेच येते. पैठणीच्या काठावरची नक्षी दर वीतभर अंतराने पुन्हा येत असेल, तर काठाचा वीतभर तुकडा मोराच्या चोचीपासून मोजा की पिसाऱ्याच्या मध्यापासून, त्यात लागलेली जर सारखीच भरते. एका टोकाला नक्षीचा जो भाग सुटतो, तोच दुसऱ्या टोकाला येऊन मिळतो. गणितात हेच घडते: खिडकी a ने उजवीकडे सरकवली की ०पासून a पर्यंतचा भाग बाहेर जातो आणि T पासून T + a पर्यंतचा भाग आत येतो, आणि हे दोन्ही भाग समान असतात.

लांबी पूर्ण आवर्तनांत बसत नसेल, तेव्हा उरलेला तुकडा वेगळा काढायचा. ०पासून ५०π + π/३ पर्यंत |sin x| चे समाकलन हवे असेल, तर पन्नास पूर्ण कमानींचे १०० झाले. उरलेला π/३ लांबीचा तुकडा सरकवून शून्याशी आणला, की १ − cos(π/३) = १/२ मिळतो. एकूण १००.५. इथे घाईत ५०π + π/३ ला π ने भागून येणारा ५० १/३ हा आकडाच २ ने गुणला, तर १००.६७ येते आणि ते चूक आहे. एक तृतीयांश कमानीत क्षेत्रफळाचा एक तृतीयांश भाग नसतो, कारण कमान कडेला बुटकी आणि मध्ये उंच असते. गुणाकार चालतो तो फक्त पूर्ण आवर्तनांना.

विजेचे बिल याच हिशेबावर उभे आहे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. व्होल्टेज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन ०.०२ सेकंदाचे. २३० हा परिणामी आकडा आहे. लाटेचा माथा २३०√२, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. ५२.९ ओहम रोधाचा हीटर लावला, तर कोणत्याही क्षणी त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागून मिळते, आणि ती 2000 sin²(100πt) वॅट इतकी निघते. म्हणजे ती प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्याला येते आणि दोनदा २००० वॅटला पोचते. एका तासात किती ऊर्जा लागली, हे काढायचे म्हणजे या हेलकावणाऱ्या शक्तीचे ३६०० सेकंदांवर समाकलन करायचे. त्यात १,८०,००० आवर्तने आहेत, पण काम एकाचेच आहे. sin² ची एका आवर्तनावरची सरासरी १/२ असते, म्हणून ०.०२ सेकंदात १००० × ०.०२ = २० जूल. १,८०,००० × २० = ३६,००,००० जूल, आणि हेच एक किलोवॅट-तास, म्हणजे बिलावरचे एक युनिट. शक्तीचे स्वतःचे सर्वांत लहान आवर्तन खरे तर ०.०१ सेकंदाचे आहे. ते धरले तर दर आवर्तनाला १० जूल आणि ३,६०,००० आवर्तने, उत्तर तेच. आवर्तन सर्वांत लहानच घ्यायला हवे असा नियम नाही, मोजणी त्याला धरून झाली म्हणजे पुरे.

एकच आवर्तन उरले म्हणून ते सोपे असेलच असे नाही. सर्वांत फसवी चूक या टप्प्यावर होते. ०पासून २०π पर्यंत 1/(2 + cos x) चे समाकलन घ्या. आवर्तन २π चे, म्हणून ०पासून २π पर्यंतचे काढून दहाने गुणायचे. पाठ्यपुस्तकातली tan(x/2) ची आदेशपद्धत वापरली, की ज्याचे अवकलन केल्यावर 1/(2 + cos x) मिळते असे फलन हाती येते:

(2/√3) tan⁻¹( tan(x/2) / √3 )

यात x = ० घातले तरी शून्य आणि २π घातले तरी शून्य. उत्तर शून्य! पण 2 + cos x कधीच ३ च्या वर जात नाही, म्हणजे मूळ फलन कुठेही १/३ च्या खाली नाही. २π लांबीवर त्याखालचे क्षेत्रफळ किमान २π/३, म्हणजे २.०९ तरी असायलाच हवे. दोष सूत्रात नाही. x = π वर tan(x/2) अनंताकडे जातो, आणि तिथे वरचे फलन π/√३ वरून एकदम −π/√३ वर उडी घेते. टोकांच्या किमतींची वजाबाकी फक्त तेव्हाच चालते, जेव्हा मधल्या सगळ्या लांबीवर ते फलन अखंड असते.

खिडकी सरकवण्याचा गुण इथे खरा कामी येतो. ० ते २π ऐवजी −π ते π घेतले, की उडी मधून निघून दोन्ही टोकांना जाते. उजव्या टोकाकडे जाताना π/√३, डाव्या टोकाकडे −π/√३, आणि फरक २π/√३, म्हणजे सुमारे ३.६३. दहा आवर्तनांचे उत्तर २०π/√३, सुमारे ३६.२८.

दुसरी चूक होते ती आवर्ती फलनाला दुसरे काहीतरी गुणलेले असताना. ०पासून १००π पर्यंत x|sin x| चे समाकलन विचारले, की |sin x| आवर्ती दिसते आणि हात आपोआप १०० ने गुणायला सरसावतो. पहिल्या कमानीवर x sin x चे उत्तर π येते, म्हणून एकूण १००π असे लिहिले जाते. पण x मुळे प्रत्येक पुढची कमान आधीच्यापेक्षा उंच आहे. पूर्ण फलन आवर्ती राहिलेच नाही. तरीही तुकडे सरकवण्याची युक्ती वाया जात नाही. k व्या तुकड्यात (मोजणी शून्यापासून) x च्या जागी u + kπ येते, म्हणून त्याचे उत्तर π + २kπ. π, ३π, ५π अशी ही विषम संख्यांची श्रेणी आहे, आणि पहिल्या n विषम संख्यांची बेरीज n² असल्याने एकूण n²π. शंभर कमानींसाठी १०,०००π, म्हणजे घाईच्या उत्तराच्या शंभरपट.

दोन आवर्ती फलनांची बेरीजही नेहमी आवर्ती असते असे नाही. sin x + sin 2x चे आवर्तन २π आहे. पण sin x + sin(√2 x) मध्ये २π च्या पटी आणि √२π च्या पटी शून्याखेरीज कुठेच जुळत नाहीत, कारण √२ ही अपरिमेय संख्या आहे. sin x + sin(√2 x) चे नुसते समाकलन प्रत्येक पदाचे वेगवेगळे करून भागते. पण या बेरजेचे मोठेपण, म्हणजे |sin x + sin(√2 x)|, घेतले की पदे सुटी करता येत नाहीत आणि ज्यावर सगळा हिशेब आणून ठेवावा असे एक आवर्तनही सापडत नाही. तिथे प्रत्येक मुळाशी फलन चिन्ह बदलते, आणि लांबी जेवढी असेल तेवढ्या सगळ्या मुळांशी तुकडे पाडूनच समाकलन करावे लागते.