मानेवरच्या वळ्या आणि गळपट्टीच्या हाडाखालची सावली: ब्लर न करता कशी सौम्य करायची?

वांद्र्याच्या बँडस्टँडवर किंवा किल्ल्यात दुपारी फोटो काढले की चेहरा ठीक येतो, पण मानेवरच्या वळ्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. मेच्या मध्याला तर मुंबईत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे प्रत्येक घडीची आणि गळपट्टीच्या हाडाची सावली सरळ खाली पडते.

बरेच जण इथे ब्लर किंवा स्मूथ स्किन वापरतात. पण वळी खटकते ती त्वचेच्या पोतामुळे नाही, उजेडातल्या फरकामुळे. ब्लरने रंध्रं पुसली जातात, सावली मात्र पसरून तिथेच राहते. म्हणून मी पोताला हात न लावता फक्त उजेड बदलतो. त्यासाठी मोफत मिळणारं गिंप पुरतं.

१. लेयरची प्रत करा (`Shift+Ctrl+D`). `Colors → Curves` मध्ये प्रत उजळा.
२. `Layer → Mask → Add Layer Mask` मधून `Black` मास्क लावा. उजळलेली प्रत लपेल.
३. मास्क निवडून पांढऱ्या मऊ ब्रशने, `Opacity` १० ठेवून, वळीवर हलके हात फिरवा. ब्रश वळीपेक्षा रुंद नको, नाहीतर दोन्ही कडा उजळून पांढरी झालर दिसते.

किती उजळायचं? समजा कलर पिकरने लाल रंगाचा आकडा वळीत ९६ आणि शेजारच्या त्वचेवर १६८ आला. कर्व्हने ९६ चे १५० करा. पहिल्या हाताला साधारण पाच अंक वाढतात, नऊ-दहा हातांत १३० च्या आसपास पोचता. तिथेच थांबा. १६८ गाठलंत तर वळी नाहीशी होईल, पण मान प्लास्टिकची वाटेल.

हाडाखाली ब्रश मोठा घ्या. मोकळ्या उन्हातल्या सावलीला आकाशाची निळसर झाक असते, त्यामुळे उजळलेला भाग राखाडी दिसू शकतो. वर नवीन लेयर घेऊन तिचा `Mode` `LCh Color` करा आणि शेजारच्या त्वचेचा रंग १५-२० टक्क्यांनी फिरवा.

हनुवटीखालची सावली मात्र राहू द्या. नाकाखाली सावली आहे आणि हनुवटीखाली नाही, असं झालं की डोकं चिकटवल्यासारखं दिसतं.

शेवटी फोटो १०० टक्क्यांवर पाहा: रंध्रं सलग दिसायला हवीत. मग २५ टक्क्यांवर पाहा: उजळ डाग वेगळे उठून दिसले तर मास्कवर काळा ब्रश फिरवून कमी करा. सावली मुळातच पूर्ण काळी असेल, तर उजळल्यावर फक्त दाणे वर येतात. तिथे माहितीच नसते, म्हणून ती जागा तशीच सोडलेली बरी.