फोन चार्ज होत नाही? दुरुस्तीआधी तीन ठिकाणे तपासा

कोरेगावच्या बाजारपेठेत गादी-रजईचे काम करणारे एक पिंजारी बंधू आमच्या परिचयाचे आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या दुकानी गेलो, तेव्हा ते चिंतेत दिसले. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी फोनवर येतात आणि पैसेही फोनवरच जमा होतात, पण तोच फोन दुपारपर्यंत मान टाकू लागला होता. रात्री अकरा वाजता १२ टक्क्यांवर चार्जिंगला लावलेला फोन पहाटे पाचला जेमतेम ४८ टक्क्यांवर आलेला असे. मध्येच चार्जिंग तुटे आणि वायर हलवली की पुन्हा सुरू होई. त्यांनी नवी केबल आणली, तरी फरक पडला नाही. एका दुरुस्तीवाल्याने "पोर्ट गेला, बदलावा लागेल" असे सांगून सातशे रुपयांचा अंदाज दिला होता.

"सातशे द्यायला हरकत नाही, पण फोन दोन दिवस ठेवून जावा म्हणतो. दोन दिवस फोनविना धंदा कसा करायचा?" असे ते म्हणाले. ती अडचण खरी होती. म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर बसून दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे ठरवले.

वीज फोनपर्यंत तीन टप्प्यांनी पोहोचते: भिंतीवरचा अडॅप्टर, केबल आणि फोनचा पोर्ट. यांपैकी एकही टप्पा कमकुवत असला तरी चार्जिंग मंदावते. पण पुष्कळदा दोष एकापेक्षा जास्त ठिकाणी असतो आणि तिथेच आपली फसगत होते. एक वस्तू बदलून फरक पडला नाही, की ती वस्तू निर्दोष होती असे आपण समजतो. वास्तविक दुसरा दोष वाट अडवून बसलेला असतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी मोजून पाहावे.

मोजायला यंत्र लागत नाही. पडदा बंद ठेवून फोन अर्धा तास चार्ज करावा आणि किती टक्के वाढले ते कागदावर लिहावे. ही चाचणी २० ते ६० टक्क्यांच्या आसपास करावी, कारण ८० टक्क्यांनंतर बॅटरीच्या रक्षणासाठी फोन आपणहून वेग कमी करतो. फोन तापलेला असला तरीही वेग घटतो, म्हणून तो उन्हात किंवा गादीखाली ठेवू नये. या बंधूंच्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे. पहिल्या अर्ध्या तासात तो १५ वरून १८ टक्क्यांवर गेला, म्हणजे फक्त तीन टक्के.

प्रथम आम्ही पोर्ट पाहिला. पिन घातली तर ती पूर्ण आत बसत नव्हती. सुमारे एक मिलिमीटर धातू बाहेर दिसत होता, बसल्याचा 'टक्' आवाज येत नव्हता आणि पिन सैल डुलत होती. ही आत कचरा साठल्याची खूण आहे. फोन दिवसभर खिशात राहतो, कापसाचे तंतू पोर्टमध्ये शिरतात आणि दर वेळी पिन घालताना ते आणखी आत दाबले जातात. शिंपी, गादीवाले, सुतार आणि पिठाच्या गिरणीवाले यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

फोन बंद करून, दिव्याच्या उजेडात, दात कोरायच्या लाकडी काडीने आम्ही पोर्टच्या कडेकडेने हलकेच कचरा ओढला. टाइप-सी पोर्टच्या मध्यभागी एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना वीज घेणारे संपर्क असतात. तिला धक्का लागता कामा नये. टाचणी किंवा सुई कधीही वापरू नये, कारण धातूने संपर्क वाकतात किंवा एकमेकांना जोडले जातात. तोंडाने फुंकूही नये, फुंकरीबरोबर ओलावा आत जातो. काडीबरोबर नमद्यासारखा दाबलेला कापसाचा गोळा बाहेर आला. त्यानंतर पिन टक् करून बसली आणि चार्जिंग तुटणे थांबले. पुढच्या अर्ध्या तासात फोन १८ वरून २५ वर गेला, म्हणजे सात टक्के वाढला.

मग केबलची पाळी आली. जुनी केबल दोन मीटर लांब आणि बारीक होती, पिनेजवळच्या मानेत तिचे आवरण सैल झाले होते. केबल बहुधा याच जागी मोडते. आत बारीक तारांचा जुडगा असतो, वाकून वाकून त्यातील एकेक तार तुटते आणि उरलेल्या तारांवर भार येतो. फोन टेबलावर ठेवून फक्त केबलची मान वाकवावी. एका विशिष्ट कोनातच चार्जिंग चालू राहत असेल, तर दोष केबलमध्ये आहे.

न मोडलेली बारीक केबलही विजेचा दाब गिळते. केसासारख्या बारीक तारांच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम अडथळा असू शकतो. त्यातून २ अँपिअर ओढले तर ०.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि ५ व्होल्टपैकी फोनला ४.२ मिळतात. दोन मीटरला ही तूट दुप्पट होते. दाब पडताना दिसला की फोन ओढ कमी करतो. त्यांनी आणलेली नवी, आखूड आणि जाड केबल गल्ल्यात पडून होती. ती लावताच अर्ध्या तासात २५ चे ३५ झाले. पहिल्यांदा तिचा उपयोग दिसला नाही, कारण तेव्हा कापसाने वाट अडवली होती.

शेवटी अडॅप्टर पाहिला. त्यावरच्या बारीक अक्षरांत 'आउटपुट' या शब्दापुढे ५ व्होल्ट, १ अँपिअर असे छापले होते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ५ वॅट. तो जुन्या बटणाच्या फोनचा होता आणि फोनबरोबर आलेला घरी राहिला होता. बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात, म्हणून ५ वॅटच्या अडॅप्टरला गळती धरून पाच तास तरी लागणारच. घरून १० वॅटचा अडॅप्टर आणवला आणि अर्ध्या तासात ३५ चे ५५ झाले. तीन टक्क्यांचे वीस झाले आणि खर्च एका काडीचा.

पुष्कळ बंधू मंद चार्जिंगचा दोष कमी व्होल्टेजला देतात. पण बहुतेक अडॅप्टरवर 'इनपुट' १०० ते २४० व्होल्ट छापलेले असते, त्यामुळे थोड्या चढउताराने फरक पडत नाही. बोर्डाचे सैल सॉकेट मात्र चार्जिंग तोडते, तेव्हा दुसऱ्या बोर्डावर लावून पाहावे. अडॅप्टर फार तापत असेल किंवा चांगल्या केबलनेही वारंवार तुटत असेल, तर तो आतून थकला आहे असे समजून बदलावा. जलद चार्जिंगसाठी अडॅप्टर आणि फोनची पद्धत जुळावी लागते. ती जुळली नाही, तर मोठ्या वॅटचा अडॅप्टरही साध्या वेगानेच चालतो.

पोर्ट साफ केला, केबल आणि अडॅप्टर दुसऱ्या फोनवर नीट चालतात, तरीही पिन डुलते किंवा वेग वाढत नाही, तर मग पोर्ट खरोखरच गेला असे म्हणता येईल. त्या वेळी कारागिराला या तीन चाचण्यांचे आकडे दाखवूनच काम सांगावे. फोनचे पाठीमागचे झाकण फुगलेले दिसले तर मात्र कोणतीही चाचणी करू नये. चार्जिंग ताबडतोब बंद करून बॅटरी बदलून घ्यावी.

आमच्या पिंजारी बंधूंनी आता गल्ल्यात दात कोरायच्या काड्यांची डबी ठेवली आहे, आणि फोन कापसाच्या खोलीत नेण्याऐवजी ते तो बाहेरच्या फळीवर ठेवतात.